पत्र्याच्या घरासाठी फॉल्स सीलिंग : उष्णता नेमकी कुठे आणि कशी अडवावी

ठाणे आणि नवी मुंबईच्या चाळींमध्ये, कळव्याच्या डोंगराकडच्या वस्तीपासून दिघा आणि तुर्भ्यापर्यंत, पत्र्याखालच्या खोलीला फॉल्स सीलिंग करून घेण्याचे प्रमाण बरेच वाढले आहे. मात्र यातली कितीतरी सीलिंग दिसायला छान असूनही खोली दुपारी पूर्वीइतकीच तापते, आणि काही तर पहिल्याच उन्हाळ्यात पोट धरून खाली झुकतात. याचे कारण असे की पीव्हीसीची पट्टी किंवा जिप्समचा बोर्ड स्वतः उष्णता फारशी अडवत नाही. उष्णता अडते ती बोर्डाच्या वर काय अंथरले आहे आणि पत्र्याखालची गरम हवा बाहेर जाते की नाही यावर. म्हणून या लेखात बोर्डापेक्षा बोर्डाच्या वरच्या रिकाम्या जागेविषयी अधिक सांगितले आहे.

उष्णता खाली कशी येते

मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास उघड्यावरचा पत्रा ६० ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. गरम हवा वरच राहत असल्यामुळे ही उष्णता हवेतून वाहत खाली येत नाही. ती मुख्यतः किरणांच्या रूपाने येते, म्हणजे तापलेला पत्रा सरळ आपल्या डोक्यावर, गादीवर आणि फरशीवर उष्णता फेकत असतो. पंख्याचा वेग वाढवूनही डोके तापलेलेच राहते ते यामुळे. १० बाय १५ फुटांच्या, म्हणजे साधारण १४ चौरस मीटरच्या खोलीत अशा दुपारी छतातून येणारी उष्णता ढोबळ हिशेबाने दोन किलोवॅटच्या आसपास जाते. पाणी तापवायची विजेची कांडी सुरू करून छताला टांगून ठेवावी, तशी ही अवस्था असते.

किरणांची उष्णता अडवायला जाड वस्तू लागतेच असे नाही, चकचकीत पृष्ठभागही पुरतो. ॲल्युमिनियमचे फॉइल आपल्यावर आलेल्या उष्णतेपैकी बहुतांश परत फेकते आणि स्वतः गरम झाले तरी खालच्या बाजूला फारच थोडी उष्णता सोडते. यासाठी एकच अट आहे, ती म्हणजे चकचकीत बाजूला लागून किमान एक इंच मोकळी हवा हवी. फॉइल पत्र्याला चिकटवले आणि खालची बाजू बोर्डाला टेकवली, तर ते निव्वळ धातूचा एक पातळ थर ठरते आणि उष्णता त्यातून सरळ पार होते. फॉइलची बबल शीट पत्र्याला डकवून पैसे वाया घालवल्याची तक्रार ऐकू येते, तेव्हा बहुधा हेच घडलेले असते.

दुसरा अडथळा ग्लासवूल किंवा रॉकवूलचा. लोकरीसारख्या तंतूंमध्ये अडकलेली हवा हलत नाही, त्यामुळे ५० मिलिमीटर जाडीचा थरही चांगले काम करतो. हा थर दाबून २५ मिलिमीटर केला, तर त्याचा उपयोगही जवळपास निम्माच उरतो. फॉइल, मोकळी हवा आणि वूल हे तिन्ही नीट जमले, तर वरचा दोन किलोवॅटचा आकडा पाचव्या हिश्श्याच्याही खाली येतो. पैसे कमी असतील, तर आधी फॉइल आणि हवेची भोके करावीत आणि वूल त्यानंतर घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. खर्च वाचवण्यासाठी थर्माकोल सुचवणारे बरेच भेटतील, पण वायरिंगच्या शेजारी, तापलेल्या पत्र्याखाली आणि एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या चाळीत लगेच पेट घेणारी वस्तू अंथरणे मला मान्य नाही. ग्लासवूल आणि रॉकवूल पेटत नाहीत.

जिप्सम की पीव्हीसी

ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पत्र्याचे छप्पर कधी ना कधी गळतेच. साडेबारा मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड चौरस मीटरला साडेआठ-नऊ किलो भरतो. तो पाणी शोषून घेतो, मऊ पडतो आणि खाली झुकतो. हिरव्या रंगाचा ओलावारोधक बोर्ड दमट हवा सोसतो, पण वरून सतत टपकणारे पाणी तोही सोसत नाही. जिप्समचा मोठा गुण म्हणजे तो आगीला दाद देत नाही आणि सांधे न दिसणारे सपाट छत देतो. नवे पत्रे बसवले असतील आणि एक पावसाळा कोरडा गेला असेल, तर जिप्सम जरूर घ्यावा. जुन्या पत्र्याखाली मात्र पीव्हीसीच योग्य, कारण गळती झाली तरी दोन पट्ट्या काढून, पुसून परत बसवता येतात.

पीव्हीसीचा दोष उष्णतेतच आहे. त्याच्या पट्ट्या ७० ते ८० अंशांच्या दरम्यान मऊ पडतात आणि स्वतःच्या वजनाने वाकणे त्याच्याही आधी सुरू होते. शिवाय पीव्हीसी उष्णतेने चांगलेच वाढते. तीन मीटरची पट्टी ३० अंशांच्या फरकाने सहा मिलिमीटरपर्यंत लांबते. तापलेल्या पत्र्याखाली दोन-तीन इंचांवर, भिंतीला घट्ट भिडवून पट्ट्या मारल्या, तर त्या लाटेसारख्या वर-खाली होणारच. म्हणजे पत्र्याखालच्या घरात वरचे इन्सुलेशन माणसांइतकेच खुद्द पीव्हीसीलाही हवे असते. रंग फिकट घ्यावा. गडद लाकडी रंगाच्या पट्ट्या खोलीला अंधार देतात.

आधी छप्पर, मग सीलिंग

सीलिंग झाल्यावर गळती दिसत नाही, फक्त तिचे परिणाम दिसतात. म्हणून शक्य असेल तर पावसाळ्यात पत्र्याखाली उभे राहून जिथे जिथे पाणी दिसते तिथे पत्र्यावर आतून खूण करून ठेवावी आणि काम ऑक्टोबरनंतर काढावे. उन्हाळ्यात काम काढायचे असेल, तर पाइपने पाणी मारून पाहावे. पाणी पन्हाळीच्या बाजूपासून सुरू करून हळूहळू वर न्यावे आणि प्रत्येक भागावर दहा मिनिटे थांबावे. एकदम वरून पाणी सोडले, तर गळती कुठल्या सांध्यातून होते ते कळत नाही.

बहुतेक गळती स्क्रू किंवा जे-हूकच्या वायसरमधून होते. वायसरचे रबर उन्हाने कडक होऊन त्याला चिरा पडतात. असे सगळे वायसर एकदमच बदलावेत, कारण आज दोन गळत असतील तर पुढच्या वर्षी दहा गळतील. स्क्रू नेहमी पत्र्याच्या उंचवट्यावर असावा, खाचेत नसावा. गंजून भोके पडलेल्या पत्र्यावर डांबर फासण्याऐवजी तो पत्राच बदलावा, कारण सीलिंगखाली गेलेला डांबराचा थर कधी उलला ते कळणार नाही. छपरावर पांढरा उष्णता परावर्तक रंग देता आला, तर तो याच टप्प्यावर द्यावा. त्याने पत्राच कमी तापतो.

सिमेंटचे जुने पत्रे असतील, तर त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. अशा पत्र्याला आतून ड्रिल मारू नये, घासू नये आणि कोरडे झाडूही नये, कारण त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. सगळा आधार लोखंडी पाइपांवरूनच घ्यावा.

एक खोली घेऊन हिशेब

पुढचे सगळे माप एका खोलीला धरून सांगतो, म्हणजे आपल्या खोलीसाठी ते बदलून घेता येईल. कळव्यातली चाळीतली खोली आहे, आतून ९ फूट १० इंच रुंद आणि १५ फूट लांब. छप्पर एकाच उताराचे आहे. गल्लीच्या बाजूला पत्र्याची उंची साडेनऊ फूट आणि मागच्या भिंतीला साडेअकरा फूट. पत्र्याखाली रुंदीच्या दिशेने दोन इंच उंचीचे तीन लोखंडी पाइप आहेत, साधारण पावणेचार फुटांच्या अंतराने. सीलिंग साडेआठ फुटांवर घ्यायचे ठरवले, म्हणजे पाइपांची उंची वजा जाता वर पुढे दहा इंचांची आणि मागे जवळजवळ तीन फुटांची पोकळी राहते. छप्पर याहून ठेंगणे असेल किंवा खोलीत पोटमाळा असेल, तर सपाट सीलिंगचा हट्ट धरू नये. पाइपांच्या खाली चार-पाच इंच मोकळी जागा ठेवून पत्र्याच्याच उताराने तिरके सीलिंग घ्यावे.

रुंदी एकाच ठिकाणी मोजून पट्ट्या कापायला सांगू नये. चाळीच्या भिंती क्वचितच ओळंब्यात असतात. पुढे, मध्ये आणि मागे अशा तीन जागी, तेही सीलिंगच्या उंचीवर मोजावे.

पहिला टप्पा : हवेची वाट

पोकळीतली गरम हवा बाहेर जाण्यासाठी खालच्या बाजूला हवा आत घेणारी आणि वरच्या बाजूला बाहेर सोडणारी भोके लागतात. एक सोपा ठोकताळा असा की सगळ्या भोकांचे मोकळे क्षेत्र सीलिंगच्या क्षेत्राच्या दीडशेव्या भागाइतके असावे आणि ते दोन्हीकडे निम्मे-निम्मे वाटावे. आपल्या खोलीला हे एक चौरस फूट होते, पण जाळीने काही वाट अडते म्हणून दीड चौरस फूट धरू. पुढच्या भिंतीत सीलिंगच्या वरच्या बाजूला ९ बाय ६ इंचांची दोन भोके आणि मागच्या भिंतीत पत्र्याला शक्य तितकी जवळ तेवढीच दोन, एवढ्याने काम भागते.

या भोकांना पाव इंची घराची जाड लोखंडी जाळी बसवावी, म्हणजे उंदीर येत नाहीत. डासांची बारीक जाळी इथे नको, कारण ती धुळीने लगेच बुजते आणि सीलिंग बंद असल्यामुळे डासांचा प्रश्न तसाही खोलीत येत नाही. मागचे भोक उघड्यावर असेल, तर बाहेरून खाली झुकलेली झडप लावावी, नाही तर जुलैतला वाऱ्याबरोबरचा पाऊस सरळ आत येईल. मागची भिंत शेजाऱ्याशी सामाईक असेल, तर भोक बाजूच्या भिंतीत उंचावर घ्यावे, आणि तेही शक्य नसेल तर पत्र्याच्या वरच्या टोकाला वाऱ्याने फिरणारा टर्बो व्हेंटिलेटर बसवावा. त्याच्या बुडाशी पाणी गळणार नाही असे काम करणारा माणूस मिळाला तरच हा पर्याय घ्यावा.

चाळीतल्या कित्येक खोल्यांमध्ये मधली भिंत पत्र्यापर्यंत गेलेली नसते. वरची फट तशीच ठेवून सीलिंग केले, तर शेजारच्या घरातला धूर आणि उंदीर दोन्ही आपल्या पोकळीत येतात. ती फट आधी विटांनी किंवा सिमेंट बोर्डाने बंद करून घ्यावी.

दुसरा टप्पा : फॉइल

फॉइल पत्र्याला नव्हे, तर पाइपांच्या खालच्या बाजूला ताणायचे, म्हणजे पत्रा आणि फॉइल यांत पाइपाच्या उंचीइतकी दोन इंचांची हवा आपोआप मिळते. एकाच बाजूने चकचकीत असेल, तर ती बाजू खाली ठेवावी; वरच्या बाजूवर वर्षभरात धूळ बसते आणि चमक मरते, खालच्या बाजूवर धूळ बसत नाही. बबल असलेले फॉइल टिकाऊ असते आणि फाटत नाही, म्हणून तेच घ्यावे.

फॉइल खालच्या, म्हणजे गल्लीच्या टोकापासून रुंदीच्या दिशेने लावायला सुरुवात करावी आणि वरची पट्टी खालच्या पट्टीवर चार इंच चढवावी. यामागे एक कारण आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या निरभ्र रात्री पत्रा हवेपेक्षाही थंड पडतो आणि पहाटे त्याच्या आतल्या बाजूने दव सुटते. हे थेंब फॉइलवर पडून उताराने पुढे वाहिले पाहिजेत. त्यासाठी फॉइल दोन पाइपांच्या मध्ये अर्धा इंच सैल सोडावे आणि त्याचे शेवटचे टोक पुढच्या भिंतीच्या माथ्यावरून बाहेर काढावे. ते भिंतीच्या आतच संपवले तर पाणी भिंतीवरून उतरते. पत्र्याच्या टोकाची नागमोडी तोंडे सिमेंटने बुजवू नयेत, तिथे जाळीच लावावी. फॉइल विजेचे वाहक आहे, त्यामुळे उघडा सांधा किंवा सोललेली वायर त्याच्या आसपासही असता कामा नये.

पैसे जमवायचे असतील, तर काम इथे थांबवले तरी चालते. एवढ्याने दुपारचा डोक्यावर येणारा ताप बराच कमी झालेला जाणवतो, आणि सीलिंग पुढच्या वर्षी करता येते.

तिसरा टप्पा : वायरिंग आणि पंखा

सांगाडा बांधण्यापूर्वी वायरमनला बोलवावे. पोकळीतल्या सगळ्या वायरी आयएसआय खुणेच्या पाइपमधून न्याव्यात, आणि प्रत्येक जोड डब्यातच व्हावा व तो डबा सीलिंगमध्ये पुढे ठेवायच्या उघडणाऱ्या झडपेतून हाताला लागेल अशा जागी असावा. वूलखाली गाडलेली वायर नेहमीपेक्षा जास्त तापते, म्हणून वायरी वूलच्या वरून न्याव्यात. सीलिंगमध्ये खोल बसणाऱ्या दिव्यांपेक्षा खालून चिकटणारे दिवे घेतल्यास वूलला भोके पाडावी लागत नाहीत. खोल बसणारे घेतलेच, तर दिवा आणि त्याचा ड्रायव्हर यांच्याभोवती तीन इंच जागा मोकळी सोडावी.

पंख्याचे वजन सीलिंगच्या सांगाड्यावर कधीही द्यायचे नाही. दोन पाइपांवर आडवा लोखंडी अँगल वेल्ड करून किंवा नटबोल्टने आवळून त्यावरून पंखा टांगावा आणि दांडी पट्टीतल्या थोड्या मोठ्या भोकातून, पट्टीला न टेकता खाली आणावी. पाती हात सरळ वर केल्यावरही लागणार नाहीत इतकी उंच राहत नसतील, तर भिंतीवरचा पंखा घ्यावा. स्वयंपाकाच्या ओट्यावरचा एक्झॉस्ट पंखा भिंतीतून थेट बाहेर उघडावा. तो पोकळीत सोडला, तर तेलकट वाफ वूलवर बसते.

चौथा टप्पा : सांगाडा

सीलिंगची उंची भिंतींवर लेझर लेव्हलने किंवा पाण्याच्या नळीने आखून घ्यावी. फरशीपासून टेपने मोजून आखलेली रेषा फरशीच्या उतारासारखीच तिरकी होते. त्या रेषेवर चारी भिंतींना पेरिमीटर चॅनेल स्क्रू आणि गिट्टीने बसवावा. भिंतींची एकूण लांबी सुमारे ५० फूट असल्यामुळे १२ फुटी चॅनेलचे ५ नग लागतात.

आता पाइपांवरून लटकणारे अँगल सोडायचे. या ठिकाणी कारागीर हमखास एक सोपा मार्ग सुचवतो : "काकू, पत्र्यालाच हूक मारतो, दहा मिनिटांचं काम आहे." त्याला ठाम नकार द्यावा. पत्र्याला पाडलेले प्रत्येक भोक ही नवी गळती असते, आणि वाऱ्याने पत्रा थरथरला की सगळे सीलिंग त्याच्याबरोबर थरथरते. लटकणारा अँगल पाइपाच्या बाजूला सेल्फ ड्रिलिंग स्क्रूने, प्रत्येक ठिकाणी दोन स्क्रू मारून घट्ट करावा. फॉइलला जिथे चीर द्यावी लागेल, तिथे ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावावी.

प्रत्येक पाइपाखाली चार फुटांपेक्षा जास्त अंतर न ठेवता तीन अँगल सोडले, तर तीन पाइपांना नऊ होतात. त्यांना पाइपांना समांतर असा इंटरमीडिएट चॅनेल जोडायचा, म्हणजे १२ फुटी ३ नग. त्याच्याखाली आडवे, खोलीच्या लांबीच्या दिशेने सीलिंग सेक्शन येतात. पीव्हीसीसाठी मी पाच ओळी धरतो, म्हणजे दोन ओळींत सुमारे २० इंच अंतर राहते. दोन फुटांचे अंतर सर्रास चालवले जाते, पण तापणाऱ्या छताखाली ते जास्त आहे. जिप्सम बसवायचा असेल, तर हे अंतर १८ इंचांवर आणावे. १५ फुटांच्या ओळीसाठी १२ फुटी नगाला सहा इंच चढवून साडेतीन फुटांचा तुकडा जोडावा लागतो, त्यामुळे पाच ओळींना ७ नग पुरतात. जोड एकाच रेषेत येऊ न देता आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूला घ्यावेत. वूल अंथरण्यापूर्वी सांगाड्याला हाताने लोंबकळून नव्हे, पण जोर लावून खाली ओढून पाहावे; कुठे करकरले तर तिथला स्क्रू सैल आहे.

पाचवा टप्पा : पट्ट्या आणि वूल बरोबरीने

पीव्हीसीच्या पट्ट्या बहुधा १० इंच रुंद आणि १० फूट लांब मिळतात. १५ फुटांच्या लांबीत अशा बरोबर १८ बसतात. कापताना एखादी फुटते आणि पुढे दुरुस्तीला त्याच छटेची मिळत नाही, म्हणून २० घ्याव्यात. भिंतीकडेच्या किनारपट्टीचे १० फुटी ६ नग घ्यावेत. प्रत्येक पट्टी भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या मापापेक्षा १० मिलिमीटरने आखूड कापावी, म्हणजे दोन्ही टोकांना पाच-पाच मिलिमीटरची फट राहते. ही फट किनारपट्टीच्या खाचेत लपते आणि पट्टीला वाढायला जागा मिळते. पट्टीच्या कडेच्या पातळ ओठावर, प्रत्येक सीलिंग सेक्शनला एक स्क्रू मारावा, पण तो ओठ दाबून पांढरा पडेल इतका आवळू नये. पुढची पट्टी त्या ओठावर सरकली की स्क्रू झाकला जातो.

खरी मेख अशी की सगळ्या पट्ट्या लागल्यावर वूल वर टाकायला वाटच उरत नाही. झडपेतून रोल आत ढकलून काठीने पसरवणारे कारागीर मी पाहिले आहेत. तसे केलेले वूल मध्ये ढीग होऊन बसते आणि कडेला फूट-फूट जागा उघडी राहते. म्हणून वूल पट्ट्यांबरोबरच अंथरत गेले पाहिजे. ५० मिलिमीटरचे, एका बाजूला फॉइल असलेले वूल घ्यावे. रोल बहुधा १.२ मीटर, म्हणजे ४७ इंच रुंद असतो. त्याचे २१ इंचांचे तुकडे जमिनीवरच कापून ठेवावेत आणि लांबी ४५ इंचांवर आणावी. दोन सेक्शनमधल्या २० इंचांच्या गाळ्यात २१ इंचांचा तुकडा अंग न आखडता घट्ट बसतो, आणि त्याचे टोक इंटरमीडिएट चॅनेलखाली दुसऱ्या तुकड्याला भिडते. आपल्या खोलीत असे सहा गाळे आणि प्रत्येकात चार तुकडे, म्हणजे २४ तुकडे होतात. त्यांना रोलची १३ मीटर लांबी लागते. खरेदीला जाण्यापूर्वी लेबलवरची लांबी, जाडी आणि घनता वाचावी. घनता प्रति घनमीटर २४ किलो असली, तर तुकडा हातात मोडत नाही. एवढ्या थराचे वजन चौरस मीटरला सव्वा किलोच्या आसपास असते, त्यामुळे पट्ट्यांना त्याचा भार होत नाही.

चार-पाच पट्ट्या लावाव्यात, त्यांच्यावर पहिल्या रांगेतले सहा तुकडे फॉइलची बाजू वर ठेवून बसवावेत, आणि मग पुढच्या पट्ट्या घ्याव्यात. खोलीत एसी असेल, तर फॉइल वर ठेवण्याचा आणखी एक फायदा होतो. बाहेरची दमट हवा वूलमधून उतरून थंड पट्टीवर दव धरत नाही. भिंतीच्या कडेला बोटभरही जागा उघडी सोडू नये. हवेच्या भोकांसमोर मात्र वूल चढवून ती बुजवू नयेत.

ग्लासवूल हाताळताना पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, चश्मा आणि एन-९५ मास्क हवाच. त्या दिवशी लहान मुलांना आणि दम्याच्या माणसांना घरात ठेवू नये, आणि कामाचे कपडे इतर कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत.

जिप्सम बसवणाऱ्यांनी हाच क्रम धरावा, फक्त बोर्डाचे सांधे आळीपाळीने घ्यावेत, २५ मिलिमीटरचे स्क्रू सुमारे ९ इंचांवर मारावेत आणि सांध्यांवर कागदी पट्टी व जॉइंट कंपाउंड भरावे. चार फुटी बोर्ड एकदम झाकला जात असल्यामुळे वूलचा तुकडा आधी गाळ्यात अडकवून मग बोर्ड उचलावा. त्यासाठी तीन माणसे लागतात.

झडप

मागच्या, म्हणजे पोकळी उंच असलेल्या बाजूला दोन बाय दोन फुटांची उघडणारी झडप ठेवल्याशिवाय काम ताब्यात घेऊ नये. कारागिराला ती नको असते, कारण तिच्यासाठी चारी बाजूंनी सेक्शन जोडावा लागतो आणि एक तास जातो. पण गळती, उंदीर आणि वायरिंग या तिन्हींचा शोध तिथूनच लागतो. झडपेच्या पाठीवरही वूलचा तुकडा चिकटवावा, नाही तर तेवढाच चौकोन दुपारी गरम लागतो. पोकळीत डोके आणि टॉर्च घालायची, माणसाने वर चढायचे नाही. हे सीलिंग माणसाचे वजन पेलण्यासाठी नाही आणि तो पोटमाळाही नाही.

काम नीट झाले की नाही, हे कसे ओळखावे

उन्हाच्या दिवशी दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान सीलिंगच्या वेगवेगळ्या जागी इन्फ्रारेड थर्मामीटर धरून पाहावा. सगळीकडे जवळपास सारखाच आकडा यायला हवा. एखादा पट्टा दोन-तीन अंशांनी गरम असेल, तर तिथे वूल सरकले आहे. हाच थर्मामीटर फॉइलवर धरला, तर चकाकीमुळे तो चुकीचा, बहुधा फारच कमी आकडा दाखवतो. फॉइलचे तापमान बघायचे असेल, तर त्यावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्या तुकड्यावर मोजावे.

खोलीतली हवा बाहेरच्या सावलीपेक्षा थंड होईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये; भिंती, दार आणि चूल यांची उष्णता उरतेच. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. उघडा पत्रा रात्री लवकर निवतो, पण इन्सुलेशन केलेली खोली दिवसभरात भिंतींत साठलेली उष्णता तितक्या लवकर वर सोडत नाही. म्हणून संध्याकाळी खिडकी उघडून आणि एक्झॉस्ट पंखा लावून खोलीतली हवा बदलावी.

पाणी टपकले, तर गळती आणि दव यांत गल्लत होऊ नये. पावसातच आणि एकाच जागी पाणी येत असेल, तर ती गळती आहे. निरभ्र थंडीच्या पहाटे सगळ्या छपराभर थेंब येत असतील, तर ते दव आहे. अशा वेळी पत्रा बदलण्याऐवजी हवेची भोके बुजली आहेत का आणि फॉइलचे टोक भिंतीच्या बाहेर आहे का, ते बघावे. भिजलेले वूल वाळेपर्यंत निरुपयोगी असते, म्हणून तो तुकडा झडपेतून किंवा पट्टी सोडवून बाहेर काढावा आणि उन्हात वाळवून परत ठेवावा. दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या पावसाआधी, झडप उघडून जाळ्या साफ कराव्यात, वायरींवर कुरतडल्याच्या खुणा आणि वूलवर लेंड्या आहेत का ते पाहावे, आणि पहिल्या मोठ्या सरीच्या वेळी टॉर्च घेऊन पुन्हा एकदा पोकळीत डोकावून घ्यावे.